विमान सुटलं, तिकीट अजून हातात आहे

प्रश्न: सकाळी १०:४० चं विमान होतं. नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघाले, पण महामार्गावर ट्रक उलटला होता आणि गाडी जागची हलेना. आदल्या रात्री वेब चेक-इन केलं होतं, बोर्डिंग पास फोनवर होता, सोबत एक मोठी बॅग. टॅक्सीतूनच ॲपवर प्रवास पुढे ढकलायला गेले, तर ‘बदल शक्य नाही’ एवढंच येत राहिलं. १०:०२ ला काउंटरवर पोहोचले. काचेतून विमान दिसत होतं, तरी ‘काउंटर ९:४० ला बंद झालं’ म्हणून मला परत पाठवलं. स्टँडबायवर ठेवा म्हटलं, तर तशी सोय नाही म्हणाले. पुढच्या विमानाला इतके पैसे सांगितले की रागाच्या भरात दुसऱ्या कंपनीचं एकेरी तिकीट काढून संध्याकाळी गेले. परतीचं तिकीट मात्र पहिल्याच बुकिंगवर आहे, तीन आठवड्यांनी. गेलेले पैसे परत मिळतील का? आणि त्या दिवशी खरंच दुसरा काही मार्ग नव्हता का?
— रस्त्यात अडकलेली

उत्तर:

तुमच्या दोन्ही प्रश्नांआधी मला तिसऱ्याचीच काळजी वाटली, जो तुम्ही विचारलाच नाहीत. ‘परतीचं तिकीट पहिल्याच बुकिंगवर आहे’ हे वाक्य तुम्ही निर्धास्तपणे लिहिलंत आणि माझ्या पोटात गोळा आला. सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतं, म्हणून तुम्हाला आधीच कळवलं होतं: आजच्या आज कंपनीला फोन करा, तुमची परतीची जागा बहुधा गेलेली आहे. झालंही तसंच. बाकीच्या वाचकांना हे कळायला हवं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

एका बुकिंगवर जाणं आणि येणं असेल, तर बहुतेक कंपन्यांची अट असते की प्रवास ठरलेल्या क्रमाने झाला पाहिजे. पहिल्या टप्प्याला प्रवासी आला नाही, म्हणजे ‘नो-शो’ झाला, की संगणक पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द करतो. त्यासाठी कुणा माणसाला बटण दाबावं लागत नाही. विमान गेल्यावर काही तासांत ते उरकलेलं असतं आणि तुमची परतीची सीट पुन्हा विक्रीला लागते. प्रवाशाला कधी मेल येते, कधी येत नाही. सोळा वर्षं मी काउंटरमागे उभी होते, आणि विमान चुकल्याचा राग घेऊन आलेल्यांपेक्षा मला जास्त वाईट वाटायचं ते परतीच्या दिवशी बॅगा घेऊन हसत येणाऱ्यांचं. ‘तुमचं नाव यादीत नाही’ हे त्यांना सांगायची वेळ आमच्यावर यायची.

इथे एक फरक ध्यानात घ्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. बुकिंग आणि तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे बुकिंग, म्हणजे विमानातली राखलेली जागा. तेरा आकड्यांचा ई-तिकीट क्रमांक म्हणजे तिकीट, म्हणजे तुमचे भरलेले पैसे. त्या तिकिटात प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यासाठी एक ‘कूपन’ असतं. नो-शो झाल्यावर जागा जाते, पण कूपन बहुतेक वेळा ‘ओपन’ अवस्थेतच पडून राहतं. त्याची किंमत किती उरली, ते भाड्याच्या नियमांवर ठरतं. काही स्वस्त भाड्यांत शून्य उरते, काहींत दंड वजा करून बरीच उरते. म्हणून फोनवर ‘माझं परतीचं बुकिंग आहे का?’ असं विचारलंत, तर ‘नाही, रद्द झालंय’ एवढंच उत्तर येतं आणि माणूस हताश होऊन फोन ठेवतो. विचारायचं ते असं: ‘माझ्या तिकिटाचं दुसरं कूपन ओपन आहे का, आणि ते वापरून त्याच परतीच्या विमानात पुन्हा जागा द्यायला काय पडेल?’

तुम्ही हेच विचारलंत आणि कूपन ओपन निघालं, हे तुमच्या दुसऱ्या पत्रातून कळलं. ते किती महाग पडलं तो हिशेब पुढे येतोच.

आता त्या सकाळकडे वळू. दुसरा मार्ग होता का? होता, पण तो काउंटरवर नव्हता. टॅक्सीत होता, आणि साधारण सव्वानऊला होता.

ॲपने बदल नाकारला, कारण तुमचं वेब चेक-इन झालेलं होतं. एकदा चेक-इन झालं की त्या टप्प्याचं कूपन ‘ओपन’ राहत नाही, ‘चेक्ड-इन’ होतं, आणि तुमचं नाव विक्रीच्या यंत्रणेतून विमानतळाच्या यंत्रणेच्या ताब्यात जातं. तिथून ते सोडवल्याशिवाय तिकिटाला कुणी हात लावू शकत नाही. प्रवासी आधीच विमानाच्या यादीत असताना त्याचं तिकीट दुसऱ्या विमानाला कसं द्यायचं, असा तो पेच आहे. म्हणून आधी चेक-इन रद्द करायचं, मग प्रवास बदलायचा. काही ॲपमध्ये ‘चेक-इन रद्द करा’ असा पर्याय असतो, पण कुठल्या तरी कोपऱ्यात. नसेल तर कॉल सेंटरला सांगावं लागतं. आमच्या भाषेत त्याला ‘ऑफलोड’ करणं म्हणतात, आणि हा शब्द उच्चारलात की पलीकडचा माणूस लगेच नीट ऐकायला लागतो.

दुसरी अडचण घड्याळाची. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमधून बदल करायची मुदत विमान सुटायच्या एक-दोन तास आधी संपते, कुठे त्याहून आधी. ती संपली म्हणजे बदलच बंद झाला असं नाही. फक्त ॲपचा रस्ता बंद होतो. फोनवरून बऱ्याचदा अगदी विमान सुटेपर्यंत बदल होतो. ‘बदल शक्य नाही’ ही पाटी या दोन्ही कारणांसाठी सारखीच दिसते, हा त्या ॲप बनवणाऱ्यांचा आळस आहे, दुसरं काही नाही.

मग रस्त्यात बसून ठरवायचं कधी? नकाशा दाखवतो ती पोहोचण्याची वेळ बघत राहा. दहा मिनिटं गेली आणि पोहोचण्याची वेळही दहा मिनिटांनी पुढे सरकली, तर गाडी चालत असली तरी तुम्ही प्रत्यक्षात उभेच आहात. असं दोनदा झालं की आशा सोडा. तुमच्या बाबतीत काउंटर बंद व्हायची वेळ ९:४० होती. टॅक्सीतून उतरून बॅग घेऊन रांगेच्या टोकाशी पोहोचायला दहा मिनिटं धरली, तर नकाशावरची वेळ ९:३० च्या पुढे गेली त्या क्षणी ते विमान तुमचं राहिलं नव्हतं. तिथून पुढचा प्रत्येक फोन कंपनीलाच जायला हवा होता. तुमचे फोन घरी गेले असतील, याची मला खात्री आहे. सगळ्यांचे तिकडेच जातात.

फोनवर बोलायचं ते थोडक्यात आणि या क्रमाने: ‘मी रस्त्यात अडकले आहे, १०:४० चं विमान मला मिळणार नाही. माझं चेक-इन काढून ऑफलोड करा, नो-शो लावू नका, परतीचा प्रवास आहे तसा ठेवा आणि मला आजच्या किंवा उद्याच्या विमानात बदलून द्या.’ पुढचं विमान कुठलं हवं ते ठरलेलं नसेल तरी चालेल. पहिल्या दोन गोष्टी विमान सुटायच्या आत होणं महत्त्वाचं. फोन लागलाच नाही, तर कंपनीच्या चॅटवर किंवा मेलवर हेच वाक्य लिहून ठेवा. त्याने बदल होईलच असं नाही, पण विमान सुटायच्या आधीची वेळ त्यावर पडते, आणि नंतर नो-शोचा दंड माफ करा म्हणताना तेवढाच एक कागद तुमच्या बाजूने बोलतो. तिकीट एखाद्या ट्रॅव्हल साइटवरून काढलेलं असेल, तर एजंट म्हणतो कंपनीला विचारा आणि कंपनी म्हणते एजंटला विचारा. प्रवासाच्या दिवशी या खेळात पडू नका. चेक-इन झालेलं तिकीट सोडवणं कंपनीच्याच हातात असतं, एजंटच्या नाही.

नियम कुठे लिहिलेले असतात असं विचाराल, तर तिकिटाच्या मेलमध्ये किंवा संकेतस्थळावर ‘फेअर रूल्स’ नावाचा भाग असतो. त्यातलं `PENALTIES` हे प्रकरण उघडा. तिथे `BEFORE DEPARTURE`, `AFTER DEPARTURE` आणि `NO-SHOW` असे शब्द दिसतील. `AFTER DEPARTURE` चा अर्थ लोक हमखास चुकीचा लावतात. ‘तुमचं विमान उडाल्यानंतर’ असा तो नाही. ‘प्रवासाचा पहिला टप्पा वापरून झाल्यानंतर’ असा आहे. तुम्ही पहिलाच टप्पा गाठू शकला नाहीत, म्हणजे तुमचा प्रवास सुरूच झालेला नव्हता. तुम्हाला लागू होती ती `BEFORE DEPARTURE` ची ओळ, आणि तिच्यासोबत `NO-SHOW` ची.

आता १०:०२ ला काउंटरवर काय झालं ते. विमान समोर उभं असताना नाही म्हणणाऱ्या मुलीचा राग येतो, मला ठाऊक आहे. पुष्कळांनी माझ्यावर काढलाय. पण तोपर्यंत बॅगांची यादी बंद झालेली असते. बॅग तपासणीतून जाऊन विमानाच्या पोटात पोहोचायला वेळ लागतो, आणि वजनाचा हिशेब मांडून तो वैमानिकाकडे जायचा असतो. आंतरराष्ट्रीय प्रवास असेल, तर प्रवाशांची यादीही पुढच्या देशाला कळवायची असते. काउंटर बंद झाल्यावर तिच्या पडद्यावर तुमची बॅग घेण्याचं बटणच उरत नाही. खरं तर तुम्हाला अडवलं ते बॅगेने. बोर्डिंग पास फोनवर होता. हातात फक्त केबिनची पिशवी असती, तर काउंटरशी तुमचा संबंधच नव्हता. गेट साधारण विमान सुटायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं. सुरक्षा तपासणीची रांग लहान असती, तर हातातल्या अठरा-तेवीस मिनिटांत धावत गाठता आलं असतं. म्हणून रस्त्यात अडकल्यावर बॅगेचं काय करता येईल हा प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नाही. कुणी सोडायला आलं असेल, तर बॅग त्याच्याबरोबर माघारी पाठवून एकट्याने जाणारे मी पाहिले आहेत. मात्र काही कंपन्यांना कागदपत्रं तपासायला आंतरराष्ट्रीय प्रवासी काउंटरवर यावाच लागतो. तिथे ही युक्ती चालत नाही.

स्टँडबायबद्दल लोकांच्या मनात एक चित्र असतं: गेटपाशी उभं राहायचं, कुणी आलं नाही तर आपण बसायचं. चित्र बरोबर आहे, पण ते सगळ्या कंपन्यांचं नाही. स्टँडबाय म्हणजे पक्की जागा न देता पुढच्या विमानाच्या प्रतीक्षायादीत नाव टाकणं. ज्या कंपनीची त्याच मार्गावर दिवसात अनेक विमानं असतात, तिथेच त्याला अर्थ आहे. दिवसाला एकच विमान असेल, तर स्टँडबाय म्हणजे विमानतळावर मुक्काम. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत ‘फ्लॅट टायर’ नावाची जुनी रीत सांगितली जाते. वाटेत टायर फुटला, रस्ता तुंबला, अशा कारणाने विमान चुकलं आणि ते सुटल्यापासून साधारण दोन तासांच्या आत काउंटरवर आलात, तर पुढच्या विमानासाठी फुकट स्टँडबायवर घेतात. ती बहुतांशी अलिखित आहे, त्यामुळे हक्क म्हणून मागता येत नाही; समोरच्या कर्मचाऱ्याच्या मर्जीवर असते. स्वस्त कंपन्यांत स्टँडबायची यादी बहुधा नसतेच. त्यांचा हिशेब साधा: सीट विकायची किंवा रिकामी न्यायची. पण युरोपातल्या काही स्वस्त कंपन्यांत दुसरी सोय आहे. विमान चुकल्यावर ठरलेल्या मुदतीत, कुठे एक तास तर कुठे दोन, त्यांच्या काउंटरवर गेलात, तर भाड्यातला फरक न घेता एक ठरावीक शुल्क घेऊन पुढच्या मोकळ्या विमानात जागा देतात. ती मुदत विमानतळाच्या बाकावर बसून रडण्यात निघून जाते. तुम्हाला ‘स्टँडबायची सोय नाही’ हे उत्तर खरंच मिळालं असणार, पण पुढचा प्रश्न विचारायचा राहिला: ‘मग विमान चुकलेल्यांसाठी ठरावीक शुल्काची सोय आहे का, आणि आज या विमानतळासाठी काही सवलत जाहीर झाली आहे का?’ मुख्य रस्ता तासन् तास बंद पडतो, तेव्हा त्याच विमानाचे वीस-पंचवीस प्रवासी चुकलेले असतात. अशा दिवशी कंपनी कधी कधी सगळ्यांसाठी दंड माफ करते. त्याला ‘वेव्हर’ म्हणतात. काउंटरवरच्या मुलीला ते कळायला कधी तासभर लागतो, म्हणून ड्यूटी मॅनेजरला विचारायला सांगायचं.

स्टँडबाय मिळालाच, तरी यादी केवळ कोण आधी आलं यावर लागत नाही. कंपनीचे नेहमीचे प्रवासी आणि महाग भाड्याचे प्रवासी वर सरकतात, तुम्ही खाली. आणि ॲपमधल्या सीटच्या नकाशावर रिकाम्या खुर्च्या दिसतात म्हणून खूश होऊ नका. त्यांतल्या कित्येक विकलेल्या असतात, फक्त सीट क्रमांक दिलेला नसतो. खरा अंदाज घ्यायचा तर त्याच विमानाचं तिकीट पाच जणांसाठी शोधून बघा. पाचांसाठी मिळत असेल, तर जागा आहे. दोनच जणांसाठी मिळत असेल, तर सकाळपासून स्टँडबायवर ताटकळत बसण्यापेक्षा पक्की जागा विकत घ्या.

आता तो ‘इतके पैसे सांगितले’ चा भाग. काउंटरवर जो एक आकडा सांगतात, तो तीन आकड्यांची बेरीज असते, आणि ती सोडवून घेतल्याशिवाय हो किंवा नाही म्हणू नये. एक, नो-शोचा दंड. दोन, बदलाचं शुल्क. तीन, भाड्यातला फरक. तिसरा बहुधा सगळ्यांत मोठा असतो, कारण त्या दिवशी स्वस्त भाड्याच्या जागा संपलेल्या असतात आणि महाग भाड्याचीच उरलेली असते. यांपैकी पहिले दोन माफ करणं विमानतळावरच्या मॅनेजरला पुष्कळदा शक्य असतं. तिसऱ्याला मात्र तो क्वचितच हात लावतो. म्हणजे विनंती करायची ती दंडासाठी, आणि फरकासाठी वेगळाच प्रश्न: ‘पुढच्या चोवीस तासांत सगळ्यांत कमी फरक कुठल्या विमानाला पडतो?’ रात्रीच्या किंवा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानाला फरक निम्म्यावर आलेला मी अनेकदा पाहिला आहे. काउंटरवरची व्यक्ती आपणहून हे बघत नाही, कारण तुम्ही ‘पुढचं विमान’ मागितलेलं असतं.

तुम्ही कळवलेले आकडे मी इथे देत नाही, पण त्यांचं प्रमाण ठेवते. जाऊन-येऊन मूळ तिकीट १०० धरा. काउंटरवर दुपारच्या विमानासाठी नो-शो १५, बदल २० आणि फरक ३० मिळून ६५ सांगितले. दुसऱ्या कंपनीचं एकेरी तिकीट ५० ला मिळत होतं. तुम्ही १५ वाचवले असं त्या क्षणी दिसत होतं, आणि कुणीही तेच केलं असतं. पण त्या ६५ मध्ये परतीचा प्रवास जिवंत राहणार होता, त्या ५० मध्ये तो मरणार होता. हे काउंटरवर तुम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि ते सांगायला हवं होतं. नंतर तुम्ही फोन केलात, तेव्हा परतीचं कूपन वापरून त्याच विमानात जागा द्यायला नो-शो १५, बदल २० आणि फरक ८ असे ४३ पडले. नवीन एकेरी परतीचं तिकीट ६० ला होतं, म्हणून ४३ भरणंच बरोबर होतं. एकूण ९३ झाले. फोन केलाच नसता आणि परतीच्या दिवशी विमानतळावर कळलं असतं, तर ५० आणि ६० मिळून ११० तर गेलेच असते, वर त्या दिवशीचं भाडं चढलेलं असतं ते वेगळंच. आणि टॅक्सीतून सव्वानऊला ऑफलोड करून घेतलं असतं, तर नो-शो लागलाच नसता: बदल २० आणि फरक ३०, म्हणजे ५०. परतीला हात न लावता.

यावरून नेहमी काउंटरवरचा बदलच घ्यावा असं समजू नका. तिकीट एकेरी असेल, परतीचं बुकिंग वेगळं असेल किंवा परत यायचंच नसेल, तर दुसऱ्या कंपनीचं ५० चं तिकीट हाच शहाणपणा. पण ते काढायच्या आधी, त्याच काउंटरवर उभं राहून विचारायचं: ‘मी माझ्या खर्चाने तिकडे पोहोचले, तर माझी परतीची जागा राखून ठेवाल का?’ काही कंपन्या नो-शो झाल्यावर ठरावीक मुदतीत कळवलं, तर शुल्क न घेता ती ठेवतात. हो म्हणाले, तर त्याची नोंद बुकिंगवर करायला सांगा आणि मेलवर मागा. परतीची जागा अशी सरसकट रद्द करण्याचं हे कलम सगळीकडे पचलेलंही नाही. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने २०१० मध्ये ते त्या स्वरूपात ग्राहकांवर अन्याय करणारं ठरवलं होतं. पण विमानतळावर उभ्या असलेल्या माणसाला न्यायालयाचा उपयोग नाही. तिथे मेलच कामाला येते.

राहिले गेलेले पैसे. कंपनीकडून भरपाई मिळणार नाही. विमान वेळेवर गेलं आणि प्रवासी उशिरा आला, तर कुठल्याच देशाचा भरपाईचा कायदा प्रवाशाच्या बाजूने उभा राहत नाही. युरोपचा २६१/२००४ हा नियम प्रवाशांना सगळ्यांत उदार मानला जातो, पण त्यातही अट आहे की सांगितलेल्या वेळेला, आणि वेळ सांगितलीच नसेल तर विमानाच्या किमान ४५ मिनिटं आधी, चेक-इनला हजर पाहिजे. मात्र न वापरलेल्या टप्प्यावरचे विमानतळाचे कर आणि प्रवासी शुल्क हे वेगळं प्रकरण आहे. ते प्रवासी उडाला तरच विमानतळाला किंवा सरकारला द्यायचे असतात, म्हणून भाडं परत न मिळणाऱ्या तिकिटावरही ते बऱ्याच ठिकाणी मागून परत मिळतात. आपोआप येत नाहीत. संकेतस्थळावर ‘टॅक्स रिफंड’चा अर्ज शोधा आणि त्यात तेरा आकडी तिकीट क्रमांक घाला. काही कंपन्या यावर प्रक्रिया शुल्क लावतात. ते करापेक्षा जास्त निघालं, तर नाद सोडा. तुमच्या तिकिटात जाण्याच्या टप्प्यावर १२ कर होता. तो मिळाला, तर तुमचा एकूण फटका ९३ वरून ८१ वर येईल.

प्रवास विमा घेतला असेल, तर कागदपत्रांत ‘मिस्ड डिपार्चर’ हे कलम शोधा. नुसती गर्दी, ‘खूप ट्रॅफिक होतं’, हे कारण बहुतेक विमा कंपन्या मान्य करत नाहीत. तुम्ही ज्यात बसला होतात ते वाहन बिघडलं, त्याला अपघात झाला, सार्वजनिक वाहन रद्द झालं, अशी कारणं बसतात. दुसऱ्याच्या अपघाताने रस्ता बंद झाला, तर काही पॉलिसींत बसतं, काहींत नाही; त्यासाठी शब्दन् शब्द वाचावा लागेल. तुमच्याकडे उलटलेला ट्रक आहे, ही जमेची बाजू. त्याची बातमी किंवा वाहतूक पोलिसांची सूचना, टॅक्सीचं वेळेसह बिल आणि फोनच्या नकाशातली त्या दिवसाची प्रवासनोंद एकत्र करा. त्याबरोबर कंपनीकडून एक ‘नो-शो प्रमाणपत्र’ मागा. मागितलं की बहुधा देतात, पण स्वतःहून कुणी देत नाही. दावा करताना ते हमखास एक प्रश्न विचारतील: निघताना तुम्ही पुरेसा वेळ ठेवला होता का? टॅक्सीच्या बिलावरची निघायची वेळ त्याचं उत्तर देते, म्हणून ते बिल आधी शोधा.

आणि परतीच्या प्रवासाचं शेवटचं काम. ४३ भरून नवी जागा मिळाली, तेव्हा तिकीट नव्याने निघालं असेल, म्हणजे तेरा आकडी क्रमांक बदललेला असेल. नवा क्रमांक मेलमध्ये आलाय का ते बघा आणि संकेतस्थळावर बुकिंग उघडून त्या टप्प्यासमोर ‘कन्फर्म्ड’ आणि तिकीट क्रमांक दोन्ही दिसतात का ते तपासा. जागा दिसते पण क्रमांक दिसत नाही, असं असेल, तर पैसे जमा होऊनही तिकीट निघालेलं नाही. अशी जागा एक-दोन दिवसांत पुन्हा आपोआप गळते. तसं दिसलं, तर उद्यावर ढकलू नका, लगेच फोन करा.